ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवू की चॅनेल काढू? जुन्या गिऱ्हाइकांनाच मेसेज पोचत नाहीये

सांबारवडीवाली (सोमवार, रात्री 9:40)
नमस्कार मंडळी. मी त्रिमूर्ती नगरात घरूनच सांबारवडी, पातोडी आणि कधीमधी वडाभात करून विकते. गुरुवारी रात्री व्हॉट्सॲपवर मेनू टाकते, शुक्रवारी दुपारी 12 पर्यंत ऑर्डर घेते, शनिवारी पहाटे ताजा सांबार आणते आणि 11 पासून डबे निघतात. शुक्रवारी 12 नंतर कोणी सांगितलं तर माझ्या काही उपयोगाचं नाही, कारण सांबार किती आणायचा ते तोवर ठरलेलं असतं.

वहीत 412 गिऱ्हाइकं आहेत. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 च बसतात म्हणून दोन लिस्टा केल्या. एक जुन्या लोकांची, 240 ची. दुसरी गेल्या दिवाळीनंतर आलेल्यांची, 172 ची. दर गुरुवारी दोन्हीकडे पाठवून राहिली, पण ऑर्डर घटत चालल्या. परवा प्रताप नगरच्या एक काकू भाजीवाल्याकडे भेटल्या. म्हणाल्या, "काय गं, बंद केलंस का? मेसेज नाही काही नाही." पाच वर्षांच्या गिऱ्हाईक आहेत त्या! मी फोन दाखवला, मेसेज गेलेला आहे. त्यांचा फोन बघितला तर आलेलाच नाही.

आता भाचा म्हणतो, ब्रॉडकास्ट जुनं झालं, चॅनेल काढ, कितीही लोक चालतात. काढू का?

बजाजनगरचा बंडू (सोमवार, रात्री 10:05)
ताई, ब्रॉडकास्टचा नियम असा आहे की समोरच्याने तुमच्याशी आधी एकदा तरी बोललेलं पाहिजे. चॅटच नसेल तर ॲप मेसेज अडवतं. त्या काकूंना एकदा "नमस्कार" टाकायला सांगा, लगेच सुरू होईल. मी माझ्या क्लासच्या पालकांना असंच करतो.

वऱ्हाडी ठेचा (सोमवार, रात्री 10:20)
पाच वर्षं वड्या खाऊन राहिल्या त्या काकू, बोलल्या नसतील का बे? उपाशीपोटी वाचून राहिलो, कोणीतरी पातोडीचा फोटो टाका जी.

गुरुजी निवृत्त (सोमवार, रात्री 10:48)
चॅनेलसाठी चांगला कॅमेरा लागतो. आमच्या शेजारच्या मुलीने पाककृतींचं काढलं होतं, दिव्याची रिंग वगैरे घेतली, सहा महिन्यांत कंटाळली. आवाज स्वच्छ येणं महत्त्वाचं.

सांबारवडीवाली (सोमवार, रात्री 10:55)
गुरुजी, यूट्यूबचं नाही हो, व्हॉट्सॲपमधलंच चॅनेल.
बंडूभाऊ, काकूंशी तर माझं अख्खं चॅट आहे, पार पत्त्यापासून जावयाच्या पथ्यापर्यंत.

महालचा मोबाईलवाला (मंगळवार, सकाळी 8:15)
दुकान उघडायच्या आधी लिहितो.

बंडूभाऊंचं अर्धं बरोबर आहे. बोलणं झालंय की नाही याने फरक पडत नाही. समोरच्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह पाहिजे, एवढीच अट. वर्षभर रोज चॅट केलं आणि नंबर सेव्ह केला नाही, तर ब्रॉडकास्ट त्याच्याकडे जाणार नाही. तुम्हाला ॲप "गेला नाही" असंही सांगत नाही. लिस्टमध्ये नाव दिसतं, मेसेज पाठवलेला दिसतो आणि तो माणूस मात्र कोरडा. बंडूभाऊंच्या पालकांना "नमस्कार" टाकायला सांगितल्यावर त्यांनी बहुतेक त्याच वेळी "सर क्लास" म्हणून नंबरही सेव्ह केला असेल, म्हणून ते चाललं.

ताई, चॅनेलचं नंतर बघू. आधी हे करा. गेल्या गुरुवारचा मेसेज ज्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये आहे ती उघडा, मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती बघा. तिथे Read by आणि Delivered to अशा दोन याद्या येतील. ज्यांनी निळी खूण बंद ठेवली आहे ते फक्त दुसऱ्या यादीत दिसतील, त्यामुळे दोन्हींची बेरीज करा. चार दिवस झालेत, म्हणजे "फोन बंद असेल" हे कारण आता फार थोड्यांना लागू पडेल. दोन्ही लिस्टांचे आकडे वेगवेगळे इथे टाका.

धरमपेठ बुटीक (मंगळवार, दुपारी 1:30)
चॅनेलबद्दल माझा अनुभव सांगते, मी दीड वर्ष चालवतेय. साड्या आणि ड्रेस मटेरियल. चॅनेलला 1,900 च्या वर फॉलोअर आहेत, सांगायला छान वाटतं. एका पोस्टला बघणारे मात्र 250 ते 300. त्यातून चौकशी चार-पाच.

कारण असं की चॅनेलची पोस्ट चॅटच्या यादीत येत नाही. Updates नावाच्या वेगळ्या पानावर, स्टेटसच्या खाली पडून राहते. आणि फॉलो केल्यावर सूचना आपोआप वाजत नाहीत, घंटीचं चिन्ह त्यांनी स्वतः दाबावं लागतं. माझ्या मैत्रिणींनीसुद्धा दाबलेलं नव्हतं.

पण माझ्या धंद्याला ते चालतं. साडी आज बघितली काय, रविवारी बघितली काय. फोटो सगळे ओळीने एका जागी राहतात, नवीन गिऱ्हाईक येऊन मागचं चाळत बसतं. तुमची सांबारवडी रविवारी बघून काय करणार?

पुणेकर पाहुणा (मंगळवार, दुपारी 2:10)
सांबारात वडी घालतात का? कळलं नाही.

वऱ्हाडी ठेचा (मंगळवार, दुपारी 2:14)
सांबार म्हणजे कोथिंबीर जी. तुमचा तो इडलीवाला वेगळा. पुढे चला.

सांबारवडीवाली (मंगळवार, रात्री 9:20)
मोजले. दोनदा मोजले, कारण विश्वास बसेना.

जुनी लिस्ट: 240 पैकी 61 जणांना पोचला.
नवी लिस्ट: 172 पैकी 118 जणांना.

उलटं नाही का झालं हे? नवीन लोकांनी नंबर सेव्ह केला नाही म्हटलं तर पटतं. जुने पक्के लोक, ज्यांच्या घरचे वाढदिवस मला पाठ आहेत, त्यांच्यातल्या चौघांत एकालाच कसा पोचतो?

महालचा मोबाईलवाला (मंगळवार, रात्री 9:45)
लिस्ट दिवाळीवर तोडलीत ती का? त्या वेळी काय झालं होतं?

सांबारवडीवाली (मंगळवार, रात्री 9:52)
अरे देवा.

तेव्हाच मी धंद्यासाठी वेगळं सिम घेतलं आणि त्यावर बिझनेसवालं ॲप टाकलं. आधी माझ्या घरच्या नंबरवरूनच चालायचं. वहीतले सगळे नंबर नवीन फोनमध्ये मी घातले, त्यांना नवीन नंबरवरून "आता इथे ऑर्डर द्या" असा मेसेजही केला. त्यांनी "ठीक आहे" म्हटलं.

महालचा मोबाईलवाला (मंगळवार, रात्री 10:10)
सापडलं. तुमच्या फोनमध्ये ते आहेत, त्यांच्या फोनमध्ये "सांबारवडी ताई" या नावावर अजून जुना नंबर आहे. नवीन नंबर त्यांच्या लेखी अनोळखी. "ठीक आहे" म्हणाले, चॅट झालं, सेव्ह कोणी केलं नाही. ज्या 61 जणांनी केलं त्यांना पोचतोय. दिवाळीनंतरच्या लोकांना एकच नंबर माहीत आहे, म्हणून तिथे आकडा चांगला.

आता गंमत बघा. जुना नंबर चालू आहे ना? त्या 240 जणांपैकी बहुतेकांकडे तो सेव्ह आहे, म्हणजे त्या नंबरवरून केलेला ब्रॉडकास्ट त्यांना आजही पोचेल. तेव्हा जुन्या फोनवर 240 ची लिस्ट करा. तिथून दोन गोष्टी पाठवा. पहिली, नवीन नंबरचं कॉन्टॅक्ट कार्ड. नुसते दहा आकडे लिहून पाठवू नका. कार्ड उघडलं की तिथेच सेव्ह करायचा पर्याय येतो, आकडे मात्र कोणी उतरवून घेत नाही. दुसरी, दोन ओळींचा मेसेज की हा नंबर सेव्ह केला तरच मेनू येईल, सेव्ह केल्यावर त्या नंबरवर "हो" पाठवा.

"हो" आल्याने सेव्ह झालाच असं सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. खरं काय ते पुढच्या गुरुवारी मेनू पाठवल्यावर कळेल, याच पद्धतीने परत मोजा.

बजाजनगरचा बंडू (मंगळवार, रात्री 10:30)
मान्य, माझं चुकलं. पण एवढं करण्यापेक्षा ग्रुप काय वाईट? ग्रुपमध्ये सेव्हची भानगडच नाही. हजारावर माणसं बसतात.

धरमपेठ बुटीक (मंगळवार, रात्री 10:41)
ग्रुप करून बघितला होता मी. सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. आठवड्यात एकीने तिच्या जावेच्या कुर्त्यांचे फोटो माझ्याच गिऱ्हाइकांना वेगवेगळे पाठवले. शिवाय एकीने सगळ्यांसमोर "मागच्या वेळी मला 200 कमी केले होते" लिहिलं. संपलं!

सांबारवडीवाली (मंगळवार, रात्री 10:50)
ग्रुप नको. काही गिऱ्हाइकं एकमेकांची नातेवाईक आहेत, कोण किती प्लेट घेतं यावर सुद्धा बोलणं होईल.

तांदूळवाला इतवारी (बुधवार, सकाळी 11:00)
वाचून घाबरलो. माझ्याकडे हजार-बाराशे नंबर आहेत, पाच लिस्टा. कुठेतरी वाचलं की ब्रॉडकास्टला आता महिन्याची मर्यादा येणार, पैसे पडणार. खरं काय?

महालचा मोबाईलवाला (बुधवार, दुपारी 3:40)
तशा चाचण्या झाल्या आहेत. सगळ्यांना एकच नियम लागला आहे असं मी सांगणार नाही, तुमच्या स्वतःच्या ॲपमध्ये ब्रॉडकास्टच्या पानावर काय दिसतं ते बघा. आठवड्यात एक-दोनदा पाठवणाऱ्याने आजच झोप घालवू नये. रोज सकाळी "शुभ सकाळ, आजचा भाव" पाठवणाऱ्याने जरूर विचार करावा.

तुमचा खरा धोका वेगळा आहे. ज्यांनी कधी मागितलं नाही अशांचे नंबर कुठून कुठून गोळा करून लिस्टेत घातले असतील तर काढा. लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि तक्रारी वाढल्या की नंबरच बंद होऊ शकतो. तांदळाच्या दुकानाचा नंबर गेला तर पाटीपासून बिलापर्यंत सगळं बदलावं लागेल.

तांदूळवाला इतवारी (बुधवार, दुपारी 4:05)
तीनेकशे तरी लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीतून घेतलेत… काढतो.

शंकेखोर (बुधवार, रात्री 8:30)
सगळे चॅनेलच्या विरोधात बोलून राहिलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. ब्रॉडकास्ट म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडणं. त्याला बाहेर पडायचं असेल तर तोंडाने सांगावं लागतं, नाहीतर ब्लॉक करावं लागतं. चॅनेल त्याने स्वतः निवडलेलं असतं, नको झालं की गुपचूप निघून जातो. त्याचा नंबर दुसऱ्या फॉलोअरला दिसत नाही, मालकाचा नंबरही चॅनेलवर दिसत नाही. बाईमाणसाने घरून धंदा करताना हे महत्त्वाचं नाही का? रात्री अकराला "डीपी छान आहे" म्हणणारे किती येतात ते विचारा.

सांबारवडीवाली (बुधवार, रात्री 8:50)
येतात हो. दोनच महिन्यांत तीन ब्लॉक केले. हे मला पटलं. पण मग चॅनेलवरून ऑर्डर कशी घेऊ? तिथे उत्तर देता येत नाही ना?

महालचा मोबाईलवाला (बुधवार, रात्री 9:30)
नाही. फॉलोअर इमोजी टाकू शकतो, मतदान ठेवलंत तर मत देऊ शकतो, लिहू शकत नाही. म्हणून पोस्टच्या शेवटी अशी लिंक देतात:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Sambarwadi%202%20plate
```

91 च्या आधी अधिकचं चिन्ह नको, नंबरच्या आधी शून्य नको, मध्ये मोकळी जागा नको. दोन शब्दांतली मोकळी जागा %20 ने लिहायची. दाबलं की तुमचं चॅट उघडतं आणि "Sambarwadi 2 plate" आधीच लिहिलेलं असतं, त्याने फक्त पाठवायचं. दोनच्या जागी चार करायचं असेल तर पाठवण्याआधी बदलतो.

पण शंकेखोरभाऊ, लिंक दिली म्हणजे नंबर आलाच बाहेर. तुम्ही म्हणता तो आडोसा ऑर्डर घ्यायची नसेल तेवढाच टिकतो.

आणि ताई, लिंकवरून आलेला माणूस चॅट करतो, नंबर सेव्ह करत नाही. तुमच्या नव्या लिस्टेतले 54 कोरडे लोक बहुतेक असेच कुठून तरी लिंक दाबून आलेले असतील. पहिल्या ऑर्डरला उत्तर देतानाच कॉन्टॅक्ट कार्ड पाठवायची सवय लावा.

शंकेखोर (बुधवार, रात्री 9:48)
नंबरचं मान्य. गळ्यात पडण्याचं मान्य नाही.

सांबारवडीवाली (पुढचा शनिवार, संध्याकाळी 6:15)
डबे आटोपले, आता बसून लिहिते.

बुधवारी रात्रीच जुन्या नंबरवरून 240 जणांना कार्ड आणि मेसेज पाठवला. 203 जणांना पोचला. 126 जणांनी नवीन नंबरवर "हो" पाठवलं, त्यातल्या निम्म्यांनी सोबत "अगं आम्हाला वाटलं तू बंद केलंस" असंही. वाचताना हसावं की रडावं कळेना. दहा महिने या लोकांना माझा मेसेज दर गुरुवारी पोचतोय असं मी समजत होते.

या गुरुवारचा मेनू नवीन नंबरवरूनच पाठवला आणि आज मोजलं. जुनी लिस्ट 61 वरून 152. नव्या लिस्टमधल्या कोरड्या लोकांना एकेकाला वेगळं कार्ड पाठवलं होतं, तिथे 118 चे 131 झाले. एकूण 283. ऑर्डर गेल्या आठवड्यात 34 प्लेट होत्या, या वेळी 71. सांबार कमी पडला, शेवटच्या चार जणांना पातोडीवर भागवलं.

चॅनेलही काढलं. डब्याच्या झाकणावर त्याचा क्यूआर चिकटवते. डबा ज्या घरी जातो तिथे जेवायला आलेला पाहुणा माझ्या वहीत नसतो, त्याचा नंबर मागायला मी जाणार नाही, त्याला वाटलं तर तो येईल. तिथे फोटो आणि पुढच्या महिन्यात काय काय करणार ते टाकते. 19 फॉलोअर झालेत, त्यात भाचा, माझी बहीण आणि मीच जुन्या फोनवरून.

धरमपेठ बुटीक (शनिवार, संध्याकाळी 6:40)
झाकणावरची कल्पना मी चोरणार. भावात चूक झाली तर चॅनेलवरची पोस्ट नंतरही दुरुस्त करता येते, 30 दिवसांपर्यंत. मी 1,450 ची साडी 145 ला टाकली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं.

वऱ्हाडी ठेचा (शनिवार, संध्याकाळी 6:44)
त्या रात्री मी काहून फॉलो केलं नव्हतं बाप्पा!

महालचा मोबाईलवाला (शनिवार, रात्री 9:10)
छान. 240 मधल्या 88 जणांना अजून नाही पोचलं. त्यातले 37 तर जुन्या नंबरवरूनही पोचले नव्हते. त्यांनी फोन बदलला असेल, नंबर बदलला असेल, किंवा व्हॉट्सॲपच वापरत नसतील. त्यांच्यावर मेसेज वाया घालवू नका, फोनच करा.

आणि एक. मारबतीच्या दिवशी आमच्या महालात आणि इतवारीत मिरवणुकीमुळे गाडी आत येत नाही. ते आदल्या रात्री ब्रॉडकास्टनेच कळवा, चॅनेलवर टाकून मोकळ्या होऊ नका. त्याच दिवशीच्या तान्ह्या पोळ्याची ऑर्डर संध्याकाळी येणार हे लोकांना रविवारी कळलं तर शिव्या तुम्हाला पडतील.

शंकेखोर (शनिवार, रात्री 9:25)
126 जणांनी "हो" म्हटलं, ठीक. पण मेनू नको असेल तर काय करायचं ते त्यांना सांगितलंत का?

सांबारवडीवाली (शनिवार, रात्री 9:40)
नव्हतं सांगितलं. या गुरुवारपासून शेवटी "मेनू नको असल्यास 'नको' लिहा" अशी ओळ घालते. कितीजण लिहितात बघू, मनाची तयारी आहे.

गुरुजी निवृत्त (रविवार, सकाळी 7:05)
आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरची वेळ कळवायला मीही ब्रॉडकास्ट करतो. आज मोजलं. 48 पैकी 20. म्हणजे गेली दोन वर्षं 28 घरं मला उगाच भांडत नव्हती.

सांबारवडीवाली (रविवार, दुपारी 12:30)
गुरुजी!

त्या प्रताप नगरच्या काकूंना आज फोन केला. "हो" पाठवलं होतं त्यांनी, तरी मेनू पोचला नव्हता. म्हणाल्या, "सेव्ह केलाय गं, नातवाने करून दिला." मी लगेच डबा द्यायच्या निमित्ताने गेले, फोन मागितला. नातवाने नंबर सेव्ह केला होता खरा, स्वतःच्या फोनमध्ये.